"चार थेंब पाण्यातून घ्या": मावशीची झालेली फसवणूक

माझ्या मावशीला विकलेल्या इसेन्शिअल ऑइलच्या, म्हणजे वनस्पतींपासून काढलेल्या तीव्र वासाच्या तेलांच्या, बाटल्यांत भेसळ होती असं माझं म्हणणं नाही. तेल बहुधा खरंच होतं. फसवणूक झाली ती ते प्यायला लावण्यात, आणि त्रास सुरू झाल्यावर तो त्रासच गुण येत असल्याची खूण आहे असं पटवण्यात. मी फार्मासिस्ट आहे, औषधांच्या दुकानात रोज असे प्रश्न येतात. म्हणून हे सगळं कसं घडलं ते सविस्तर लिहिते आहे.

मावशीला जेवणानंतर पोट फुगायचं, मधूनच छातीत जळजळायचं. ओळखीतून एक बाई घरी आल्या. साखळी पद्धतीने इसेन्शिअल ऑइल विकायचा त्यांचा व्यवसाय. त्यांनी सांगितलं, सकाळी रिकाम्या पोटी ग्लासभर पाण्यात पेपरमिंटचे चार थेंब आणि रात्री चमचाभर मधात ओरेगॅनोचा एक थेंब. मावशीने विचारलंही होतं, "पोटात घेतलेलं चालतं ना हे?" त्यावर उत्तर मिळालं, "काकू, डॉक्टरसुद्धा पोटाच्या दुखण्यावर पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतात. आमचं तर त्याहून शुद्ध आहे, थेरप्युटिक ग्रेडचं, म्हणजे औषधी दर्जाचं."

यातलं कॅप्सूलचं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच माणूस त्याला बळी पडतो. आतड्यांच्या एका चिवट विकारात, ज्याला आयबीएस म्हणतात, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल खरोखर दिल्या जातात. एका कॅप्सूलमध्ये साधारण ०.२ मिलि तेल असतं. ड्रॉपरचे २० थेंब म्हणजे सुमारे १ मिलि धरले, तर चार थेंब बरोबर तेवढेच भरतात. म्हणजे मात्रा जवळपास तीच. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते आवरणात. त्या कॅप्सूलवर असा थर असतो जो जठरातल्या आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावरच उघडतो. पेपरमिंट तेल स्नायू सैल करतं. आतड्यात हे हवं असतं, कारण तिथली मुरड त्यामुळे कमी होते. पण अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्येही स्नायूंची एक झडप आहे, जी आम्ल वर येऊ देत नाही. तेल जठरातच मोकळं झालं की ती झडपही सैल पडते आणि आंबट पाणी घशाशी येतं. म्हणूनच ती कॅप्सूल चावू नका, फोडू नका, आम्लपित्ताच्या औषधासोबत घेऊ नका, असं आम्ही प्रत्येकाला बजावून सांगतो. आम्लपित्ताच्या औषधाने जठरातलं आम्ल कमी होतं आणि आवरण वाटेतच सुटू शकतं. ज्या बाईला आधीच जळजळ होते तिला तेच तेल उघडं, रिकाम्या पोटी द्यायचं, म्हणजे कॅप्सूल बनवणाऱ्यांनी जे टाळलं नेमकं तेच करायचं.

पाण्यातून घेतलं की तेल सौम्य होतं, हा दुसरा गैरसमज. मावशीच्याच ग्लासात मी तिला करून दाखवलं. थेंब टाकल्याबरोबर पाण्यावर तेलाचा पातळ, रंग मारणारा तवंग पसरला. चमच्याने जोरात ढवळलं तर त्याचे बारीक गोळे झाले, आणि हात थांबवल्यावर ते पुन्हा वर येऊन एकमेकांना चिकटले. हे तेल पाण्यात विरघळत नाही. ग्लासभर पाणी असलं तरी पहिल्या घोटाबरोबर ओठांना, जिभेला, घशाला लागतं ते जवळजवळ निर्भेळ तेल.

मधाचंही तसंच. मध म्हणजे मुख्यतः साखर आणि पाणी, त्यातही तेल विरघळत नाही. उलट मध चिकट असल्यामुळे थेंब तोंडात जास्त वेळ एकाच जागी राहतो, आणि गोडीने चव झाकली जाते. ओरेगॅनो तेलात कार्व्हाक्रोल नावाचा घटक भरपूर असतो. तो जंतूंना मारतो हे खरं, पण आपल्या तोंडातल्या नाजूक आवरणालाही तो तितकाच भाजतो. मावशीच्या जिभेच्या कडेला पांढरट चट्टा पडला होता. गरम चहाने पोळलं असेल असं ती समजत होती.

जळजळ वाढली, पोट ढिलं झालं, तेव्हा तिने त्या बाईंना फोन केला. मला सगळ्यात जास्त राग आहे तो इथल्या उत्तराचा. "काकू, विषारी द्रव्यं बाहेर पडतायत. आता थांबू नका, दोन थेंब वाढवा." दुखणाऱ्या माणसाला यापेक्षा घातक सल्ला कुठला देणार? शरीर ज्या खुणेने थांब म्हणतं तीच खूण पुढे जाण्याचं कारण ठरवली, की त्या माणसाला वेळेवर थांबण्याची वाटच उरत नाही. शेवटी डॉक्टरांनी दोन्ही तेलं बंद करायला लावली, अन्ननलिकेच्या दाहावर औषध दिलं, तेव्हा कुठे हळूहळू उतार पडला.

"थेरप्युटिक ग्रेड" हा शिक्का कुठलीही स्वतंत्र सरकारी यंत्रणा देत नाही, विकणारेच तो लावतात. आणि तेल शुद्ध असलं तर त्याचा परिणाम जास्तच होणार, कमी नाही. खाद्यपदार्थांत हीच तेलं स्वादासाठी वापरतात असंही सांगितलं जातं. ते खरं आहे, पण तिथे एकदम बनवलेल्या भरपूर पदार्थात अगदी नाममात्र तेल नीट मिसळलेलं असतं. पुदिन्याचा स्वाद, थोडा आराम एवढंच हवं असेल तर पानं गरम पाण्यात घालून प्यावीत. त्यात तेलाचा अंश येतो तो इतका कमी, की बहुतेकांना तेवढा पुरतो आणि सोसतो. जळजळ असेल तर मात्र तेही नको.

पैसे परत मागितले तेव्हा बाटलीवरच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं गेलं: "केवळ बाह्य वापरासाठी". प्यायचा सल्ला सगळा तोंडी, किंवा नंतर पुसून टाकलेल्या आवाजी संदेशांतून दिलेला. लेबलवर एक आणि तोंडी दुसरं, असं दिसलं तर तिथेच थांबा. कोणी पोटात घ्यायला सांगितलं तर मात्रा आणि सल्ला देणाऱ्याचं नाव लिहून मागा.

मावशीचं जळजळीवर निभावलं, पण प्रत्येक तेल इतकं सौम्य नसतं. विंटरग्रीन नावाच्या वनस्पतीच्या एका चमचा तेलात, म्हणजे ५ मिलित, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्याच जातीचं द्रव्य, असतं. लहान मुलाच्या जिवाला तेवढं पुरेसं आहे, आणि रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांना तर याहून कमी प्रमाणातही रक्तस्रावाचा धोका असतो. निलगिरीचं चमचाभर तेल पोटात गेलं तर मुलाला थोड्या वेळात गुंगी किंवा झटके येऊ शकतात. लवंग तेल जास्त गेलं तर यकृत निकामी होऊ शकतं.

असं काही मुलाने प्यायलं तर उलटी करवू नका. तेल वर येताना श्वासनलिकेत शिरलं तर फुप्फुसांना इजा होते. मूल खेळतंय, ठीक दिसतंय म्हणून वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा. बाटली सोबत न्या, कारण कुठलं तेल आणि किती, यावरच पुढचा उपचार ठरतो.