बिलात व्हीपीएन, राउटरवर उघडं दार

आमचं कर-सल्लागारांचं छोटं ऑफिस. रिटर्नच्या दिवसांत घरून टॅली आणि क्लायंटच्या फायली उघडता याव्यात म्हणून एका कॉम्प्युटरवाल्याला काम दिलं. त्याने ब्रॉडबँडवर स्टॅटिक आयपी घ्यायला लावला, सगळ्यांच्या लॅपटॉपवर एक विकतचं व्हीपीएन अॅप टाकलं आणि ‘ऑफिस व्हीपीएन सेटअप’ असं भलंमोठं बिल लावलं. अॅपमध्ये हिरवं कुलूप दिसायचं. आम्ही निर्धास्त.

काही महिन्यांनी एका सोमवारी सर्व्हरवरच्या फायलींची नावं बदललेली, एकही उघडेना आणि डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी. सर्व्हरला कायम जोडलेली बॅकअपची हार्ड डिस्कही गेली.

दुसऱ्या माणसाने Event Viewer उघडलं. सिक्युरिटी लॉगमध्ये 4625 क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची रांग होती आणि मध्येच 4624, म्हणजे जमलेलं लॉगिन. राउटरमध्ये 3389 पोर्ट थेट सर्व्हरकडे वळवलेला होता. रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून सर्व्हर चालवायची सोय, अख्ख्या जगाला खुला! ते अॅप आमचं इंटरनेट फक्त अॅपवाल्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे फिरवत होतं. आमच्या ऑफिसशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

हे ओळखायची सोपी खूण आहे. घरी व्हीपीएन बंद करा आणि ऑफिसची फाईल उघडून बघा. उघडली, तर तुमच्याकडे व्हीपीएन नाही, नुसतं बिल आहे.

आता ऑफिसच्या राउटरवरच वायरगार्ड हे खरं व्हीपीएन बसवलं आहे. 3389 चं फॉरवर्डिंग काढून टाकलं. बाहेरून फक्त युडीपी 51820 हा पोर्ट खुला आहे आणि योग्य किल्ली नसेल तर तो उत्तरच देत नाही. घरच्या आणि ऑफिसच्या राउटरचा पत्ता एकच, 192.168.1.x, असल्याने पहिल्यांदा जोडणी होऊनही फायली दिसेनात. ऑफिसच्या राउटरचा पत्ता बदलून 192.168.57.x केल्यावर दिसल्या. लॅपटॉपवरच्या वायरगार्डच्या सेटिंग फाईलमधली ही ओळ महत्त्वाची:

```
AllowedIPs = 192.168.57.0/24
```

म्हणजे व्हीपीएनच्या बोगद्यातून फक्त ऑफिसच्या नेटवर्ककडचीच वाहतूक जाते, बाकी इंटरनेट नेहमीसारखं.

नव्या माणसाने एक गोष्ट मात्र बजावली, आणि पहिल्याने ती चुकूनही सांगितली नव्हती: व्हीपीएन फक्त वाटेवरची चोरी थांबवतं. मुलाने गेमचा क्रॅक टाकलेल्या लॅपटॉपवरून कोणी जोडलं, तर त्यातला व्हायरस त्याच बोगद्यातून सर्व्हरच्या शेअर फोल्डरपर्यंत पोचतो. नकली बँकेच्या साईटवर भरलेला पासवर्डही व्हीपीएन वाचवत नाही. शिवाय वायरगार्ड दरवेळी पासवर्ड विचारत नाही. किल्ली लॅपटॉपमध्येच असते. लॅपटॉप हरवला की राउटरमधून त्याची नोंद त्याच दिवशी काढावी लागते. म्हणून घरचे सामायिक लॅपटॉप आम्ही जोडणीतून वगळले, प्रत्येकाला फक्त स्वतःच्या क्लायंटचं फोल्डर दिलं, आणि बॅकअपची डिस्क कॉपी झाली की वायर काढून कपाटात जाते.

पहिल्याला फोन केला तर म्हणाला, “तुमचा अँटीव्हायरस संपला होता, साहेब.”