क्रमवारी की स्वतःचं उद्दिष्ट?

कर्मचाऱ्यांचं वार्षिक मूल्यमापन एकमेकांशी तुलना करून क्रमवारीने करावं, की प्रत्येकाच्या स्वतःच्या उद्दिष्टांवर? कोणत्या पद्धतीत सहकारी एकमेकांना शिकवतील, ते पाहू. दहा जणांची टीम घ्या. क्रमवारीचा नियम असा: 2 जण वर, 7 मध्ये, 1 तळाला. दहाही जणांनी चोख काम केलं, तरी तळाला कुणीतरी जाणारच. आता नववा दहाव्याला अडलेला रिपोर्ट सोडवायला शिकवतो. दहावा सुधारला, तर तळाची जागा शिकवणाऱ्याच्याच वाट्याला येते. मग तो का शिकवेल? उघड नकार कुणी देत नाही म्हणा. ‘बघतो’ म्हणतात आणि उत्तर दोन दिवसांनी, अर्धवट येतं. सगळ्यांसमोर प्रश्न विचारणं कमी झालं की समजावं, पाणी मुरतंय. हुशार माणसं हुशारांच्या टीममध्ये जायचं टाळतात, हे आणखी वाईट. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ही पद्धत बंद केली, तेव्हा टीमवर्क वाढवणं हे कारण उघडपणे दिलं होतं.

स्वतःच्या उद्दिष्टांवर रेटिंग असेल, तर दहाव्याच्या प्रगतीने नवव्याचं काही जात नाही. पण मिळतही नाही. ‘हे माझ्या उद्दिष्टांत नाही’ हे वाक्य इथलंच. शिवाय वर्षाच्या सुरुवातीला सोपी उद्दिष्टं घासाघीस करून घेणारे असतातच.

तरी मी दुसरी पद्धत निवडेन, एका अटीवर: प्रत्येकाच्या पाच उद्दिष्टांपैकी एक टीमचं सामायिक हवं, उदाहरणार्थ ‘कुणी रजेवर गेलं तरी रिपोर्ट वेळेवर जावा’. हे शिकवल्याशिवाय साधत नाही. मात्र वरून बोनसची रक्कम ठरावीकच आली, तर मॅनेजर शेवटी गुपचूप क्रमवारीच लावतो.