संचिका: मुलांची निवड की ठरावीक नमुने?

मुलांचं वर्षभरातलं काम जपून ठेवायच्या संचिकेत त्यांनी स्वतः निवडलेलं काम ठेवावं, की जुलै आणि मार्चमध्ये सगळ्यांकडून एकाच प्रकारचं लेखन घ्यावं, असं सहावीच्या एका बाईंनी विचारलं. पहिल्यात शिक्षकाची मेहनत कमी. पण जुलैत निबंध आणि मार्चमध्ये सजवलेला तक्ता असेल, तर वाढ कशी ठरवणार? घरच्यांचा हातही तिथेच लागतो. ठरावीक नमुना वर्गातच लिहून होतो. जुलैत ‘पाऊस आला, मजा आली’ एवढंच लिहिणारी मुलगी मार्चमध्ये कारणं देऊन परिच्छेद बांधते, हे स्वच्छ दिसतं. तपासताना मात्र नाव आणि तारीख दोन्ही झाकावीत, नाहीतर नंतरचं काम आपोआप चांगलं वाटतं. मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदींसाठी ठरावीक नमुनेच घ्या. मुलाची आवड पालकांना दाखवायची असेल तर निवडक काम.