ओटीचे पैसे आणि पगाराची स्लिप: नुसती तक्रार द्यायची की दावा लावायचा?

जळगावच्या एमआयडीसीत चटई कारखान्यात किंवा दालमिलमध्ये ठेकेदारामार्फत लागलेल्या माणसाची कहाणी बहुतेक सारखीच असते. ड्यूटी आठ तासांची, पण ऑर्डर असली की बारा तास. ओटीचं विचारलं तर 'पुढच्या महिन्यात बघू', आणि स्लिप तर कधी कुणी पाहिलेलीच नसते. अशा वेळी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचं ठरतं. पण त्या अर्जाचे दोन प्रकार असतात आणि दोघांतून निघणारं फळ वेगळं असतं.

पहिला प्रकार म्हणजे साधा तक्रार अर्ज. सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या नावाने लिहायचा, आवक क्रमांकाची पोच घ्यायची, कारखाना असेल तर एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. खर्च नाही, वकील नाही. अधिकारी मालकाला बोलावतो, मस्टर आणि पगाराचं रजिस्टर मागतो. स्लिपांसाठी हा मार्ग चांगला, कारण स्लिप देणं वेतन संहितेने मालकावर बंधनकारक केलं आहे आणि ती दिली नाही हे रजिस्टर तपासताच उघडं पडतं. अडचण पैशांची आहे. खटला भरण्याआधी निरीक्षकाने मालकाला चूक सुधारण्याची लेखी संधी द्यावी लागते. पाच वर्षांत तोच गुन्हा पुन्हा झाला तरच ही सवलत नाही. मालक पुढच्या महिन्यापासून स्लिपा देतो, तक्रार निकाली निघते आणि मागच्या महिन्यांचे पैसे जिथल्या तिथे राहतात.

दुसरा प्रकार म्हणजे दावा. तो दावे ऐकण्यासाठी शासनाने नेमलेल्या राजपत्रित अधिकाऱ्यापुढे चालतो. इथे रकमेचा आदेश निघतो, वर दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही त्याला आहे (दहापट मिळेलच असं धरून कर्ज काढू नये). मालकाने आदेश पाळला नाही तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. पण तारखा पडतात आणि प्रत्येक तारखेला रोज बुडतो.

दाव्याला आकडा लागतो. समजा पगार महिना १५,६०० रुपये. २६ दिवसांनी भागला की रोज ६००, आठ तासांनी भागला की तासाला ७५. ओटी दुप्पट दराने, म्हणजे १५०. महिन्यात वीस दिवस चार-चार तास जादा थांबला असेल तर ८० तास, १२,००० रुपये. सात महिन्यांचे झाले ८४,०००. मालकाने मधूनमधून 'सिंगल' दराने रोख दिलं असेल तर तेवढं वजा दाखवा. लपवलं आणि व्हाउचरवर तुमची सही निघाली, की बाकीच्या आकड्यावरचाही विश्वास जातो.

स्लिप नाही म्हणून दावा टिकणार नाही, ही भीती मात्र बरीचशी फुकाची आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. तुम्हाला दाखवायचं आहे ते जादा तास थांबल्याचं. मस्टरवर आठच तास लिहिलेले असणार, म्हणून आपली तारीखवार वही, 'आज बारापर्यंत थांब' असा सुपरवायझरचा व्हॉट्सअॅप मेसेज, गेटवरच्या नोंदीचा फोटो आणि सोबत काम करणाऱ्याची साक्ष हवी. पगार किती होता ते बँक पासबुकातून दिसतं. ठेकेदार पळाला तर आस्थापनेचा मालक देणं लागतो, म्हणून अर्जात दोघांची नावं घाला.

माझं मत विचाराल तर आधी तक्रार, लगेच मागून दावा. तक्रारीत 'अन्याय होतो आहे' असं मोघम लिहू नका. 'जूनपासून डिसेंबरपर्यंत महिन्याला सुमारे ८० तास जादा काम केले, त्याचे पैसे व एकाही महिन्याची स्लिप मिळाली नाही' एवढं सरळ लिहा. तपासणीत रजिस्टरची जी नोंद होते, तिची प्रत मागून घ्या, दाव्यात ती कामाला येते. पण तक्रार पडून आहे म्हणून दाव्याची मुदत थांबेल असं समजू नका. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि तिच्यात मुदत तीन वर्षांची. त्याआधीच्या वेतन प्रदान कायद्यात ती बारा महिने होती, किमान वेतन कायद्यात सहाच. तुमचे महिने जुने असतील तर तक्रारीच्या निकालाची वाट न पाहता दावा टाका.

समेटाच्या बैठकीत शेठ वीस हजार पुढे करतो आणि सोबत 'पूर्ण व अंतिम' लिहिलेला कागद. पैसे घ्यायचे असतील तर 'काही भाग मिळाला' असं लिहूनच सही करा.

नोकरी अजून चालू असेल आणि नाव पुढे करायची धास्ती वाटत असेल, तर नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षकही तुमच्या वतीने दावा लावू शकतो. निनावी चिठ्ठीवर तपासणी एखादवेळी होईल, पण तुमच्या नावाने आदेश निघणार नाही.