इंट्रॉन की रायबोसोम: आरएनए विश्वाचा भक्कम पुरावा कोणता?

‘प्रथिनांच्या आधी आरएनए होता’ हे आरएनए विश्वाच्या कल्पनेचं मुख्य वाक्य आपण एका दमात म्हणून टाकतो, पण त्यात तीन वेगळे दावे दडलेले असतात. आरएनएला रासायनिक क्रिया घडवून आणता येते, हा पहिला. प्रथिनं नव्हती तेव्हा सजीवांची ही कामं प्रत्यक्षात आरएनएच करत होता, हा दुसरा. आणि आरएनए स्वतःची नक्कल काढू शकत होता, हा तिसरा. या कल्पनेवर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवायचं असेल, तर कुठला पुरावा यातल्या कुठल्या दाव्याला टेकू देतो हे आधी पाहावं लागतं. बरेच जण इंट्रॉन, म्हणजे कच्च्या आरएनएतला स्वतःला कापून वेगळा होणारा मधला तुकडा, पुढे करतात आणि त्याच्याच जोरावर तिन्ही दावे मान्य करून टाकतात. माझ्या मते इंट्रॉन पहिल्या दाव्यासाठी बिनतोड आहे, दुसऱ्यासाठी मात्र लंगडा. दुसऱ्यासाठी पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राकडे, म्हणजे रायबोसोमकडे जावं.

इंट्रॉनची गोष्ट टेट्राहायमिना या एकपेशीय जीवातली. रायबोसोमचा आरएनए बनवणाऱ्या त्याच्या एका जनुकाच्या मधोमध ४१३ न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे साखळीतल्या तितक्या कड्यांचा, एक तुकडा असतो. आरएनए तयार झाला की हा तुकडा निघून जातो आणि दोन्ही बाजूंची टोकं जुळतात. कोलोरॅडो विद्यापीठात थॉमस चेक यांचा गट हे काम करणारं एन्झाइम शोधत होता. रीत नेहमीचीच: कच्चा आरएनए घ्यायचा, एका नळीत पेशीकेंद्रकाचा अर्क घालायचा, दुसऱ्या नळीत घालायचा नाही. पंचाईत अशी झाली की अर्क नसलेल्या नळीतही तुकडा निघून जात होता.

अशा वेळी पहिला संशय येतो तो आरएनएला चिकटून आलेल्या एखाद्या प्रथिनावर. तो फेडायला त्यांनी नमुना उकळला, डिटर्जंटने धुतला, प्रथिनं पचवणारी एन्झाइमं वापरली. क्रिया थांबेना. तरी ‘एखादं चिवट प्रथिन उरलंच असेल’ असं म्हणायला वाव होताच. तो वाव बुजवला शेवटच्या प्रयोगाने. त्यांनी ते जनुक जिवाणूच्या प्लाझमिड नावाच्या छोट्या गोल डीएनएमध्ये घातलं आणि ई. कोलाय या जिवाणूच्या शुद्ध केलेल्या, आरएनए जोडणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमने परीक्षानळीतच आरएनए बनवला. या आरएनएचा टेट्राहायमिनाच्या पेशीशी कधी संबंधच आला नव्हता, त्यामुळे त्या पेशीतलं प्रथिन त्याला चिकटणं शक्य नव्हतं. तरीही मॅग्नेशियम आणि ग्वानोसिन हा आरएनएचा एक घटक दिल्यावर इंट्रॉन बाहेर पडला. हे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं.

क्रिया कशी होते तेही पाहण्यासारखं आहे. इंट्रॉनची घडी अशी पडते की तिच्यात एक सुटा ग्वानोसिन नेमका बसतो. त्याचा हायड्रॉक्सिल गट इंट्रॉनच्या सुरुवातीच्या फॉस्फेटवर हल्ला करतो, तिथला बंध सुटतो आणि ग्वानोसिन इंट्रॉनच्या टोकाला जोडला जातो. मोकळं झालेलं आधीच्या एक्सॉनचं, म्हणजे इंट्रॉनच्या अलीकडच्या मागे राहणाऱ्या भागाचं, टोक मग इंट्रॉनच्या दुसऱ्या सीमेवर तसाच हल्ला करतं. दोन्ही एक्सॉन जोडले जातात, इंट्रॉन सुटतो. जितके बंध तुटले तितकेच नवे जुळले, म्हणून बाहेरून ऊर्जा लागत नाही. याचा पुरावा साधा होता. किरणोत्सारी जीटीपी, म्हणजे तीन फॉस्फेट जोडलेलं ग्वानोसिन, दिलं की खूण निघालेल्या इंट्रॉनवर सापडायची, तीही एकाच जागी, आणि तो जादा ग्वानोसिन मूळ जनुकात नव्हताच. शिवाय जीटीपीऐवजी फॉस्फेट नसलेलं नुसतं ग्वानोसिन दिलं तरी भागायचं. म्हणजे जीटीपी इथे इंधन म्हणून वापरलंच जात नव्हतं.

एक काटेकोर आक्षेप उरतो: स्वतःवर एकदा क्रिया करून बदलून जाणाऱ्या रेणूला उत्प्रेरक म्हणावं का? १९८६ मध्ये चेक यांच्याच गटाने टोकाचे काही न्यूक्लिओटाइड गळालेला हाच इंट्रॉन घेऊन दाखवलं की तो दुसऱ्या आरएनएवर पुन्हा पुन्हा क्रिया करतो आणि स्वतः तसाच राहतो. तो आक्षेप तिथे मिटला.

इथपर्यंत इंट्रॉनची बाजू अभेद्य आहे. अडचण येते ती त्याचं वय विचारल्यावर. या जातीचे इंट्रॉन, ज्यांना गट १ म्हणतात, एका जनुकातून दुसरीकडे उड्या मारतात. त्यातल्या काहींच्या पोटात एका एन्झाइमचं जनुक असतं. ते एन्झाइम इंट्रॉन नसलेल्या जनुकात नेमक्या जागी डीएनए कापतं आणि दुरुस्तीच्या निमित्ताने इंट्रॉनची प्रत तिथे शिरते. टी-४ सारख्या जिवाणूभक्षक विषाणूतही गट १ चे इंट्रॉन सापडतात. तेव्हा आज टेट्राहायमिनात इंट्रॉन आहे यावरून तो आरएनए विश्वापासून तिथे आहे असं ठरत नाही. तो बराच नंतर आलेला पाहुणाही असू शकतो. आणि काही इंट्रॉनना घडी घालायला प्रथिनाची मदत लागते. न्यूरोस्पोरा बुरशीच्या मायटोकाँड्रियात हे काम चक्क टायरोसिन या अमिनो आम्लाला ते वाहून नेणाऱ्या टीआरएनएशी जोडणारं एन्झाइम करतं.

छोट्या रायबोझाइमचं, म्हणजे क्रिया घडवणाऱ्या लहान आरएनएचं, तर याहून अवघड आहे. हॅमरहेड नावाचं लहानसं रायबोझाइम निसर्गात दूरदूरच्या जीवांत आढळतं. प्रयोगशाळेत यादृच्छिक आरएनएच्या साठ्यातून स्वतःला कापणारे रेणू निवडायला बसलं, तरी पुन्हा तेच हाती लागतं. इतक्या सहज जुळणारी रचना उत्क्रांतीत अनेकदा स्वतंत्रपणे आली असण्याची शक्यता आहे. ती सर्वत्र दिसते म्हणून ती प्राचीन, हा तर्क इथे चालत नाही.

आता रायबोसोम. तो उपरा पाहुणा असण्याची शंका घेता येत नाही, कारण प्रत्येक जिवंत पेशीत तो आहे आणि त्याचा गाभा सगळीकडे एकच आहे. तो सर्वांच्या समाईक पूर्वजात होताच. प्रश्न एवढाच: अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्याचं काम त्यातलं प्रथिन करतं की आरएनए?

१९९२ मध्ये हॅरी नोलर यांच्या गटाने उष्ण पाण्यात राहणाऱ्या जिवाणूच्या रायबोसोमचा मोठा भाग प्रथिनं पचवणारं एन्झाइम, डिटर्जंट आणि फिनॉल यांतून काढला. बहुतेक प्रथिनं गेली, बंध जोडण्याची क्षमता टिकली. पण ‘बहुतेक’ या शब्दात इंट्रॉनच्या वेळची शंका पुन्हा शिरली, कारण काही प्रथिनं उरलीच होती. इथे प्लाझमिडची युक्ती वापरणंही सोपं नव्हतं, रायबोसोम फार मोठा. निकाल लागला तो २००० मध्ये. थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने मृत समुद्रातल्या एका सूक्ष्मजीवाच्या रायबोसोमच्या मोठ्या उपघटकाची रचना २.४ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट केली. जिथे बंध जुळतो त्या जागेच्या १८ अँगस्ट्रॉमच्या आत एकाही प्रथिनाची मुख्य साखळी नव्हती. रासायनिक बंधाची लांबी दीड अँगस्ट्रॉमच्या आसपास असते, हे लक्षात घेतलं की हे अंतर किती मोठं आहे ते कळतं. इतक्या लांबून क्रिया घडवता येत नाही. सभोवती होता तो फक्त आरएनए.

दुसऱ्या दाव्यासाठी हे इंट्रॉनपेक्षा कितीतरी जड पडतं. प्रथिन बनवणारं यंत्र प्रथिनाचंच असतं, तर पहिलं यंत्र कुणी बनवलं हा प्रश्न अडून राहिला असता. यंत्राचा गाभा आरएनएचा निघाल्यावर जनुकाबरहुकूम बनणारी प्रथिनं आरएनएच्या मागून आली, हे मानण्याला ठोस आधार मिळतो.

मर्यादा इथेही आहेत. सुरुवातीला वाटलं होतं की तिथल्या आरएनएतला जवळचा एक ॲडेनिन आम्ल-अल्कलीसारखी देवघेव करून क्रिया घडवतो. तो बदलून पाहिल्यावर बंध जुळण्यात अपेक्षेइतका फरक पडला नाही. आज मानलं जातं की रायबोसोमचा वेग मुख्यतः दोन अमिनो आम्लांना योग्य कोनात जवळ आणण्यातून येतो, आणि प्रत्यक्ष रसायनात टीआरएनएचाच एक हायड्रॉक्सिल गट हातभार लावतो. शिवाय जिवाणूंत एल-२७ नावाच्या प्रथिनाचं शेपूट क्रियास्थळाच्या बरंच जवळ येतं. म्हणून ‘त्या जागी प्रथिन नसतंच’ असं सरसकट म्हणू नये. सर्वात महत्त्वाचं म्हणजे रायबोसोम एवढंच सांगतो की जनुकांवरून बनणारी प्रथिनं नंतरची. आरएनएच्या सोबतीला आपोआप बनलेले पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, होते की नव्हते, यावर तो काहीच सांगत नाही. ज्यांना शुद्ध आरएनए विश्वापेक्षा आरएनए-पेप्टाइडची जोडी पटते, त्यांना रायबोसोम आडवा येत नाही.

या दोघांच्या मधला पुरावा म्हणजे आरएनेज-पी. टीआरएनएचं जादा टोक छाटणारं हे एन्झाइम. १९८३ मध्ये सिडनी ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ई. कोलायमध्ये छाटण्याचं काम त्याचा आरएनए भागच करतो, आणि भरपूर मॅग्नेशियम असलं तर प्रथिनाशिवायही. चेक आणि ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल विभागून मिळालं. मला त्यातली नंतरची घडामोड जास्त बोलकी वाटते: २००८ मध्ये समजलं की माणसाच्या मायटोकाँड्रियात हेच काम करणाऱ्या एन्झाइममध्ये आरएनए अजिबात नाही, आहेत ती फक्त प्रथिनं. आरएनएचं काम प्रथिनाने बळकावल्याचं उदाहरण इथे समोर आहे. आरएनए विश्व ओसरलं कसं, हे समजावून सांगायचं असेल तर मी हेच निवडेन.

तिसऱ्या दाव्यासाठी इंट्रॉनही उपयोगी नाही आणि रायबोसोमही नाही. आरएनएची नक्कल काढणारं रायबोझाइम आजच्या कुठल्याही सजीवात सापडलेलं नाही. जे आहे ते प्रयोगशाळेत निवडून घडवलेलं. २००१ मध्ये अशा रायबोझाइमने १४ न्यूक्लिओटाइड जोडले, २०११ मध्ये ९५, आणि २०१३ मध्ये बर्फाळ द्रावणात दोनशेच्या वर. शेवटचा आकडा त्या रायबोझाइमच्या स्वतःच्या लांबीएवढा भरतो, पण तो सोयीच्या साच्यावरचा, म्हणजे नक्कल काढायला सोप्या अशा आरएनएवरचा. स्वतःच्या घट्ट घड्या उलगडून स्वतःलाच साचा करणं हे वेगळं काम आहे.

आणि नुसती लांबी पुरत नाही. २०० न्यूक्लिओटाइडची नक्कल काढताना शंभरात एक चूक होत असेल, तर साधारण १३ टक्के प्रती निर्दोष निघतात. शंभरात पाच चुका झाल्या, तर सुमारे २८ हजार प्रतींत एक. एवढ्या चुका असल्या की निवड चांगला रेणू टिकवू शकत नाही, तो पिढ्यागणिक झिजत जातो. म्हणून ‘स्वतःची नक्कल काढणारा आरएनए सापडला’ अशी बातमी आली की चार गोष्टी तपासाव्यात. साचा त्याचा स्वतःचा होता की दुसराच? चुकांचं प्रमाण किती? नक्कल सुरू करून देणारा तुकडा, म्हणजे प्रायमर, आणि ऊर्जा भरलेले न्यूक्लिओटाइड कुणी पुरवले? आणि प्रत तयार झाल्यावर एकमेकांना चिकटलेल्या दोन साखळ्या सुट्या कशा झाल्या?