सणाचा सेल वाढवायचा, की अडकलेल्यांनाच सवलत द्यायची, की वेळेवर शटर पाडायचं?

सेलच्या शेवटच्या रविवारी सकाळी मालकांचा फोन आला. "मेसेजचा पाऊस पडलाय. लोकाग्रहास्तव चार दिवस वाढवू या, तुम्ही मजकूर लिहा." कपड्यांचं ऑनलाइन दुकान, नऊ दिवसांचा सणाचा सेल, रात्री 11:59 ला संपणार होता. मी म्हटलं, मजकूर लिहितो, पण आधी तो पाऊस मोजू.

तीन दिवसांत 212 मेसेज आले होते. आम्ही दोघांनी तासभर बसून ते वेगळे केले. 88 जणांनी फक्त "सेल कधीपर्यंत आहे?" असं विचारलं होतं. हा आग्रह नव्हे, ही चौकशी. 61 जणांना एम किंवा एल माप हवं होतं आणि ते संपलं होतं. 37 जणांचं पेमेंट अडकलं होतं. "पगार मंगळवारी होतो, जरा थांबा ना" किंवा "प्लीज अजून दोन दिवस" असं म्हणणारे होते 26.

म्हणजे 'लोकाग्रह' म्हणून मोजलेल्या 212 पैकी मुदतवाढ खरोखर मागणारे 26. तेवढ्या बळावर चार दिवस वाढवले असते, तर ते लोकांनी नव्हे, आम्हीच आम्हाला सुचवलेलं ठरलं असतं. पण बाकीच्या आकड्यांत खरी कारणं होती आणि प्रत्येक कारणाचं उत्तर वेगळं होतं. अशा वेळी हातात तीन पर्याय असतात. आमच्या प्रकरणापुरते ते शेजारी ठेवले तर असे दिसतात:

| | सगळ्यांसाठी मुदतवाढ | फक्त अडकलेल्यांना सवलत | ठरल्या वेळी बंद |
|---|---|---|---|
| कधी शोभतं | अडचण दुकानाकडची आणि सगळ्यांना लागलेली | अडकलेले कोण ते नोंदीत दिसतं | कारण नाही, नुसती इच्छा आहे |
| काय जातं | शेवटच्या रात्रीची गर्दी आणि तारखेवरचा थोडा विश्वास | हातचं काम वाढतं | काही विक्री |
| कुठे फसतं | कारण सांगता येत नाही तेव्हा | फक्त बोलणाऱ्यांनाच मिळतं तेव्हा | चूक आपलीच असते तेव्हा |

आधी मधला रकाना घेतो, कारण लोक नेमका तोच विसरतात. पेमेंट अडकलेल्या 37 जणांसाठी अख्खा सेल वाढवायची काहीच गरज नव्हती. आम्ही ऑर्डरच्या नोंदी काढल्या. शनिवारी रात्री 9 ते 10:30 या दीड तासात 143 जणांचे पैसे भरायचे प्रयत्न फसले होते. तक्रार केली 37 जणांनी, उरलेले 106 जण गप्प निघून गेले होते. सवलत फक्त मेसेज करणाऱ्यांना दिली असती, तर तो बोलक्यांचा फायदा झाला असता. म्हणून यादी इनबॉक्समधून नाही, नोंदीतून करायची. 143 जणांना वैयक्तिक कूपन गेलं, 48 तासांचं, आणि सोबत एक ओळ: "काल रात्री आमच्याकडे पैसे भरताना अडचण आली. तुमची बास्केट त्याच दरात ठेवली आहे." याची जाहीर घोषणा करायची नाही. करायला गेलात की इतरांना वाटतं, आपल्यालाच का नाही.

आता पहिला रकाना. एम आणि एलचा नवा माल मंगळवारी दुपारी गोदामात येणार होता. 61 जणांनी विचारलं होतं, पण माप नाही म्हणून न बोलता निघून गेलेले किती, हे कोणत्याच नोंदीत नीट दिसत नाही. इथे अडकलेल्यांची यादीच करता येत नाही, म्हणून इथे सगळ्यांसाठी मुदतवाढ शोभते. मुदतवाढ किती, हेही कारणच ठरवतं. माल मंगळवारी दुपारी येतोय, म्हणजे लोकांना एक संध्याकाळ आणि एक पूर्ण दिवस मिळायला हवा. म्हणून बुधवार रात्री 11:59. मालकांना चार दिवस हवे होते, गुरुवारपर्यंत. मी विचारलं, गुरुवार का? उत्तर नव्हतं. ज्या दिवसाचं कारण सांगता येत नाही तो दिवस वाढवायचा नाही, एवढं मी धरून बसलो.

तिसऱ्या पर्यायाबद्दल फार लिहीत नाही. ते 26 जणच असते, तर मी वेळेवर बंद करायला सांगितलं असतं. त्यांना पुढच्या सेलची तारीख ठरली की कळवू असं सांगायचं, एवढंच.

मुदतवाढ ठरली की मजकुराचा प्रश्न येतो. मालकांनी स्वतः एक मसुदा पाठवला होता:

"तुमच्या प्रचंड प्रतिसादामुळे लोकाग्रहास्तव सेल वाढवला! आता खरंच शेवटची संधी! चुकवू नका!"

यातलं प्रत्येक वाक्य स्वतःच्या विरोधात साक्ष देतं. प्रतिसाद प्रचंड होता, तर माल विकला गेला असणार, मग वाढवायचं कारण काय? 'खरंच शेवटची' म्हटलं की आधीची शेवटची खोटी होती, हे आपणच कबूल करतो. आणि 'लोकाग्रहास्तव' हा शब्द नाटकाच्या जाहिरातींनी इतका झिजवलाय की तो वाचून कुणालाही लोक दिसत नाहीत, रिकाम्या खुर्च्याच दिसतात. आम्ही तो शब्द काढला आणि त्या जागी माणसं आणि कारण ठेवलं:

"सेल आज रात्री संपणार होता. एम आणि एल मापं संपल्याबद्दल गेल्या तीन दिवसांत 61 जणांनी विचारलं. ती मंगळवारी दुपारी येत आहेत, म्हणून सेल बुधवारी रात्री 11:59 पर्यंत सुरू ठेवतोय. दर तेच. बँकेच्या कार्डावरची जादा सूट मात्र आज रात्रीच संपते, ती बँकेची आहे. मिळालं ते माप घाईत घेतलं असेल, तर पुढच्या रविवारपर्यंत बदलून देऊ."

212 चा आकडा मोठा दिसला असता, पण 61 चा खरा होता आणि तो कारणाला जोडलेला होता. बँकेची ओळ मालकांना नको होती, कारण तिने उत्साह कमी होतो. पण बँकेसोबतची सूट बँकेने ठरवलेल्या तारखेला संपते, आपण सेल वाढवला म्हणून ती वाढत नाही. हे न सांगता वाढवलं, तर सोमवारी बिल करताना आकडा वेगळा येतो आणि 'मुदतवाढ' हा शब्द तिथेच खोटा ठरतो. सवलतीचा वाटा कुणा पुरवठादाराकडून येत असेल, तर त्याचीही लेखी परवानगी आधी लागते.

शेवटची ओळ, माप बदलून देण्याची, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मुदतवाढीने पैशांचं नुकसान कुणाचंच होत नाही, दर तेच असतात. नुकसान होतं ते जुन्या तारखेवर विश्वास ठेवून एलऐवजी एक्सएल उचलणाऱ्याचं. त्याला काही न देता नव्यांना वेळ दिला, तर ऐकलं तो मूर्ख ठरला. ब्रिटनच्या जाहिरात संहितेतही प्रमोशनची शेवटची तारीख बदलण्याबद्दल असाच विचार आहे: आपल्या हाताबाहेरच्या कारणाने ती बदलणं भाग असेल तरच, आणि तेव्हाही न बदलणं मूळ अटींवर भाग घेणाऱ्यांवर अन्याय ठरत असेल किंवा बदलल्याने त्यांचं नुकसान होत नसेल तर. ती कसोटी काटेकोर लावली तर आमचं माल संपण्याचं कारण कदाचित टिकलं नसतं, कारण माल किती मागवायचा हे आमच्याच हातात होतं. म्हणून असे नियम लागू असतील तिथे आधी ते पाहावेत. युरोपीय संघाच्या 2005 च्या अनुचित व्यापारी प्रथांच्या निर्देशात 'फक्त थोडाच वेळ' असं खोटं सांगून घाई करायला लावणं हे थेट बंदी असलेल्या प्रथांच्या यादीत आहे. भारतात डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयी, नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत 13 प्रकार दिलेत, त्यात पहिलाच खोट्या निकडीचा.

याच निकडीत आम्ही स्वतः पाय अडकवून घेतला. घोषणा कधी करायची यावर दोन मतं होती. मालकांचं म्हणणं, रात्री 11:59 होऊ द्या, शेवटच्या तासांची गर्दी घ्या, सोमवारी सकाळी सांगा. धंद्याच्या हिशोबाने ते चूक नाही, शेवटची रात्र मोठी असते. पण निर्णय रविवारी सकाळी 11 ला झाला होता. त्या क्षणापासून जुनी वेळ खरी राहिली नव्हती. नंतर साइटवर उलटा चालणारा टायमर म्हणजे माहीत असून सांगितलेलं खोटं. निर्णय सोमवारी सकाळी झाला असता, तर सोमवारी सांगणं प्रामाणिक होतं. फरक घोषणेच्या वेळेचा नाही, निर्णय आणि घोषणा यांतल्या अंतराचा आहे. आम्ही दुपारी 1 ला जाहीर केलं आणि रविवारची गर्दी सोडली.

मग रात्री 10 ला सगळ्या यादीला मेसेज गेला: "फक्त 2 तास उरले!"

आठवड्यापूर्वी लावून ठेवलेला होता. संध्याकाळी 6 चा आम्ही काढला होता, ईमेलचा काढला होता, बॅनर बदलला होता, जाहिराती थांबवल्या होत्या. व्हॉट्सॅपचा मात्र वेगळ्या टूलमध्ये होता आणि तो कुणाच्या लक्षातच आला नाही. दहा मिनिटांत उत्तरं सुरू झाली, "नेमकं काय खरं?" आम्ही दोन ओळी पाठवल्या: आधीचा मेसेज चुकून गेला, सेल बुधवारी रात्री 11:59 पर्यंतच आहे. कारणं दिली नाहीत, ती कुणाला नको होती. तेव्हापासून सेल लावतानाच मी एक कागद करतो: शेवटची तारीख कुठे कुठे लिहिली आहे. टायमर, कूपनची मुदत, बॅनर, जाहिराती, लावून ठेवलेले मेसेज, फोन उचलणाऱ्यांची चिठ्ठी. मुदत वाढवायची झाली तर सगळ्यात आधी तो कागद उघडायचा.

आणि वेळ नेहमी 11:59 लिहायची. 'रविवार रात्री 12' म्हणजे शनिवार संपतानाचे की रविवार संपतानाचे, यावर ग्राहक आणि टायमर यांचं एकमत होत नाही. त्या घोळामुळे मुदत वाढवावी लागली, तर ती लोकांनी मागितली म्हणून नव्हे, आपलं चुकलं म्हणून, असं स्पष्ट लिहायचं.

मजकुरात 'यानंतर मुदत वाढणार नाही' ही ओळ टाकायची का, यावरही बोलणं झालं. मी नको म्हटलं. पाळायची असेल तर लिहायची गरज नाही, आणि न पाळण्याची शक्यता असेल तर लिहूच नये.

बुधवारी रात्री 11:59 ला सेल बंद झाला. गुरुवारी सकाळी पहिला मेसेज: "कालच पाहिलं, अजून एक दिवस मिळेल का?" मालकांनी मला तो पुढे पाठवला, नुसता, काही न लिहिता. मी नोंदी पाहिल्या. पेमेंट अडलेलं नव्हतं, माप शिल्लक होतं. त्यांना उत्तर गेलं: "सेल काल रात्री संपला. आता नेहमीचा दर आहे." बाईंनी त्याच दिवशी नेहमीच्या दराने एक कुर्ता घेतला.