चिठ्ठी खरी, हात खरा, चेहरा मात्र उसना

फोटो दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे. ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटलेले आले की त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फ्रेममधून त्याचा चेहरा आणून बसवायचा, हे काम मी वर्षानुवर्षं करतोय. आणि तरीही एका बसवलेल्या चेहऱ्यानं मला फसवलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ती गिळून सगळं सविस्तर सांगतो. या कामातला माणूस जिथे घसरला, तिथे बाकीच्यांनी काय बघायचं हे तरी कळेल.

मला एक जुनी लेन्स हवी होती. ऑनलाइन एका विक्रेत्याशी बोलणं झालं. भाव फार स्वस्त नव्हता, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. पैसे आगाऊ द्यायचे होते, म्हणून मी ओळख पटवायला सांगितली. त्यानं कुरकुर न करता दोन फोटो पाठवले. पहिल्यात त्याच्या ओळखपत्राचा स्वच्छ, मोठा फोटो. दुसऱ्यात तो स्वतः, हातात तेच ओळखपत्र आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर माझं नाव आणि त्या दिवशीची तारीख पेनानं लिहिलेली. मी कार्डावरचा चेहरा पाहिला, सेल्फीतला पाहिला. दोन्ही एकच. पैसे पाठवून दिले. लेन्स आली नाही, दोन दिवसांनी फोन बंद झाला. बँकेला कळवलं, तक्रार केली, पण तोवर रक्कम पुढच्या खात्यांत पांगली होती.

माझी चूक मला नंतर कळली. मी चेहऱ्याशी चेहरा ताडून पाहिला. चेहरा जुळणारच होता, कारण सेल्फीतला चेहरा उचललाच होता ओळखपत्रावरच्या माणसाच्या फोटोतून. ताडून पाहायला हवा होता तो चेहरा आणि त्याच फोटोतलं बाकीचं अंग. आणि त्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीनं मला पुरतं गाफील केलं. चिठ्ठी खरीच होती, धरणारा हातही खरा होता.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. आणि गिऱ्हाइकाचं काम तपासताना जे करतो ते केलं: चेहऱ्यावर कागद धरला आणि फक्त मान, हात, कपडे पाहिले. प्रकाश कुठून येतोय? मानेची एक बाजू उजळ, दुसरी बरीच काळवंडलेली. बोटांच्या सावल्या सगळ्या एकाच बाजूला पडलेल्या. म्हणजे एका बाजूला खिडकी. आता कागद फिरवून बाकीचं झाकलं आणि नुसता चेहरा पाहिला. दोन्ही गाल सारखेच उजळ. नाकाची सावली जवळजवळ नाहीच. हा स्टुडिओतला प्रकाश होता, ओळखपत्राच्या फोटोसाठी दोन्ही बाजूंनी सारखे दिवे लावतात तसा. खिडकीशेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडावर तो येईल कुठून?

मग डोळे. बुबुळावर प्रकाशाचा जो बारीक ठिपका चमकतो, त्याला आम्ही कॅचलाइट म्हणतो. तो म्हणजे समोरच्या दिव्याचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब. एका खिडकीच्या उजेडात प्रत्येक डोळ्यात एकच ठिपका दिसायला हवा, खिडकीच्या अंगाला, थोडा चौकोनी. इथे प्रत्येक डोळ्यात दोन ठिपके होते, डावीउजवीकडे सारख्या अंतरावर. दिवे दोन, म्हणून ठिपके दोन. एवढं सरळ होतं ते. हनुवटीच्या खालची सावलीही चुकली होती: मानेवर ती तिरकी पडली होती आणि तिची कड तिच्या वर दिसणाऱ्या जबड्याच्या आकाराशी जुळत नव्हती. ती दुसऱ्याच कुणाच्या, जरा रुंद जबड्याची सावली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ग्रुप फोटोत आम्ही चेहरे बदलतो ते खपून जातात, कारण दोन्ही फ्रेम एकाच जागी, एकाच उजेडात, काही सेकंदांच्या अंतरानं काढलेल्या असतात. वेगळ्या उजेडातला चेहरा आणला की पंचाईत होते. गाल गडद करता येतो, रंग जुळवता येतो, पण नाकाची सावली नव्यानं रंगवणं आणि डोळ्यातले ठिपके बदलणं हे चिकाटीचं काम आहे. माझ्या ठकानं तेवढे कष्ट घेतले नव्हते. पण हल्लीची आपोआप चेहरा बदलणारी ॲप्स मूळ फोटोतला प्रकाश बऱ्यापैकी पकडतात. त्यामुळे प्रकाश जुळला म्हणून फोटो खरा, असं धरून चालू नका.

कानाची गोष्ट वेगळी. हातानं बसवलेला असो की ॲपनं, बदललेला भाग बहुतेक वेळा भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा, म्हणजे तोंडाचा मधला लंबगोल असतो. कान त्याच्या बाहेर राहतात. ते बदलायचे तर आजूबाजूचे केस, कल्ले, मागची मान सगळंच सोडवावं लागतं, म्हणून कुणी त्या वाटेला जात नाही. परिणामी कान राहतात मूळ शरीराच्या मालकाचे. आणि कान ही माणसाची मोठी खूण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पोलिसांत अल्फोन्स बर्टिलॉननं गुन्हेगार ओळखण्यासाठी शरीराची मापं घेण्याची पद्धत बसवली, त्यात उजव्या कानाची लांबीही असे. ठशांची पद्धत रुळल्यावर ती पद्धत मागे पडली, पण कानाकडे बघायची त्याची नजर पक्की होती.

मी ओळखपत्रावरचा कान आणि सेल्फीतला कान कापून शेजारी शेजारी ठेवले. ओळखपत्रावरच्या माणसाच्या कानाची पाळी खाली सरळ गालाला चिकटलेली. सेल्फीतल्या माणसाची पाळी सुटी, लोंबती, गालापासून खाच पडलेली. वरची वळलेली कडही वेगळी: एकाची जाड, दुसऱ्याची पातळ आणि टोकाशी किंचित सपाट. वयानं कान लांबतो, जड दागिन्यानं पाळी ओघळते, पण चिकटलेली पाळी आठवड्याभरात सुटी होत नाही. फक्त एक काळजी घ्या. पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो पुष्कळदा आरशासारखे उलटे साठवले जातात, म्हणजे डावा कान उजवा दिसतो, आणि एकाच माणसाचे दोन कानही अगदी सारखे नसतात. म्हणून आधी चिठ्ठीवरची अक्षरं सुलटी वाचता येतात का ते पाहा, मग ताडा. माझ्या फोटोत अक्षरं सुलटी होती.

आकारापेक्षाही मला खटकली ती कानाची जागा. मान सरळ असेल तर कानाचं वरचं टोक साधारण भुवईच्या आणि खालचं नाकाच्या तळाच्या रेषेत येतं. माणसानं मान वर केली की कान खाली सरकल्यासारखे दिसतात, खाली घातली की वर. सेल्फीत चेहरा अगदी समोर, सरळ रोखलेला, पण कान ओठांच्या रेषेपर्यंत उतरलेले. खरा माणूस मान जरा मागे टाकून बसला होता आणि त्याच्यावर सरळ बघणारा चेहरा चिकटवला होता. एकदा हे दिसलं की तो फोटो माणसाचा वाटेनासा होतो, मुखवटा वाटायला लागतो. आधी कसं दिसलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे: मी कानांकडे पाहिलंच नव्हतं.

कडा मी सगळ्यात शेवटी पाहिल्या, कारण त्या सगळ्यात जास्त फसवतात. कपाळावर आलेल्या दोनतीन बटा भुवईच्या वर एका अदृश्य रेषेवर येऊन थांबल्या होत्या, जणू कुणी कात्री फिरवली. गळ्यावर दाढीचे खुंट स्पष्ट, पण जबड्याच्या कडेला बोटभर पट्टा गुळगुळीत, आणि त्यापुढे गाल पुन्हा वेगळ्याच पोताचा. तो पट्टा म्हणजे जोड बुजवायला कड पुसट केल्याची खूण. आम्ही त्याला फेदर करणं म्हणतो. शिवाय बोटांच्या सुरकुत्या आणि शर्टाचे धागे मोजता येत होते, आणि त्यांच्याइतकाच कॅमेऱ्यापासून दूर असलेला चेहरा मात्र मऊ, छिद्रं नसलेला होता.

पण यातली एखादी खूण एकटी दिसली म्हणून लगेच कुणाला चोर ठरवू नका. फोनचा ब्यूटी मोड गाल असेच गुळगुळीत करतो. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं दृश्य धूसर करताना फोन केसांच्या आणि कानांच्या कडा खातो, कधीकधी अर्धा कानच धूसर होतो. मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यात गडद-फिकट कडांभोवती खरखरीत कण येतात. ती कुणी केलेली छेडछाड नव्हे. म्हणून फोटो मागताना तो मूळ फाइल म्हणून, डॉक्युमेंट करून पाठवायला सांगावा. समोरच्यानं टाळाटाळ केली तर तेवढ्यावरूनही काही कळतं. या प्रकरणानंतर मी एकदा एका भल्या माणसाचा खरा फोटो खोटा ठरवला होता, निव्वळ जबड्याच्या पुसट कडेवरून. तेव्हापासून एका खुणेवर निकाल देत नाही. प्रकाश, कान आणि कड, यांतल्या दोन गोष्टी एकाच सांध्याकडे बोट दाखवत असतील, तरच बोलतो.

आता मी ओळखीसाठी समोरून काढलेला फोटो मागतच नाही. पूर्ण एका बाजूनं काढलेला मागतो, केस मागे सारून, कान पूर्ण दिसेल असा. ओळखपत्रावरून चोरलेल्या समोरच्या चेहऱ्यातून बाजूचा चेहरा पटणारा तयार करणं अवघड जातं. किंवा व्हिडिओ कॉलवर सावकाश मान वळवायला आणि उघडा पंजा चेहऱ्यासमोरून न्यायला सांगतो. बोटं चेहऱ्यावरून जाताना बसवलेला चेहरा बोटांवर चढतो किंवा क्षणभर निसटतो. चांगली साधनं यातूनही सुटतात, म्हणून एवढं करूनही पैसे मी माल हातात आल्यावरच देतो.

ओळखपत्रावरच्या नावाचा माणूस मला पुढे सापडला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. कुठल्याशा अर्जासोबत त्यानं कधीतरी कार्डाची प्रत आणि मोठा फोटो पाठवला होता. माझ्याआधी आणखी कुणीतरी त्याला शिव्या घालणारा मेसेज केला होता. मी माझी हकीकत सांगितली. त्यानं विश्वास बसावा म्हणून न मागता स्वतःचा ताजा फोटो पाठवला. मी तो उघडला आणि चेहऱ्याकडे न बघता आधी कानावर गेलो. पाळी गालाला चिकटलेली होती.